पंधरा सेंटिमीटरची सळई

अकोल्याच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा होती ती एका जुन्या कापसाच्या गोदामात. दीडेकशे वर्षांपूर्वी अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरात कोण्या शेठजीनं बांधलेलं हे गोदाम. लांबच लांब, भिंती हातभर जाड, खिडक्या उंचावर आणि इवल्याशा. कापूस गेला, शेठजी गेले, कॉलेज आलं. बाकीचे प्राध्यापक त्या अंधाराला नावं ठेवत. शालिकराम मात्र म्हणायचा, "आरशाच्या प्रयोगाले यापेक्षा चांगली जागा आख्ख्या जिल्ह्यात दाखवा मले."

शालिकराम म्हणजे तिथला प्रयोगशाळा परिचर. मूळचा शेंदूरजनाघाटचा, माळ्याच्या घरचा. बापाची संत्र्याची बाग होती. दहा वर्षांचा असताना संत्र्याचं कलम ज्या जंबेरीच्या खुंटावर बांधतात, त्याचा काटा डाव्या डोळ्यात गेला आणि तो डोळा कायमचा विझला. एका डोळ्यानं जग सपाट दिसतं. तांब्या आपल्यापासून हातभर आहे की दीड हात, हे चटकन कळत नाही. पोरगं पाणी भांड्याबाहेर ओतायचं, लगोरीचा चेंडू त्याच्या हातात न पडता कपाळावर बसायचा. पण पोरगं मोठं हिकमती. त्यानं आपला आपण उपाय शोधला. काहीही उचलायच्या आधी मान जराशी डावीकडं, जराशी उजवीकडं न्यायची. जवळची वस्तू एका बाजूला सरकते, लांबची दुसऱ्या बाजूला, आणि मग कोण पुढं, कोण मागं याचा पत्ता लागतो. गावानं त्याला 'मानहलव्या' असं नाव ठेवलं. गावाला दुसरं काम काय असतं?

पुढं बागेची वाटणी झाली आणि शालिकराम अकोल्याला येऊन कॉलेजात चिकटला. पहिल्याच वर्षी त्यानं ऑप्टिकल बेंच पाहिला. लांबलचक बाक, त्यावर सेंटिमीटरची पट्टी, एका टोकाला अंतर्गोल आरसा, पुढं दोन खांबांवर दोन पिना. त्यातल्या एका पिनेची प्रतिमा आरसा हवेत उलटी टांगतो. ती नेमकी कुठं टांगली आहे, ते दुसऱ्या पिनेनं हुडकायचं. पोरं वाकून दोन्ही डोळे फाडफाडून बघत होती आणि सर ओरडत होते, "एक डोळा मिटा रे! डोकं डावी-उजवीकडं हलवा! प्रतिमा आणि पिन वेगळ्या सरकतात का बघा! सरकत असतील तर पॅरलॅक्स आहे!"

शालिकराम बाजूला फडकं घेऊन उभा होता. त्याला हसूच फुटलं. एक डोळा मिटायचा आणि मान हलवायची? हे तर तो जन्मभर करत आला होता! ज्या खोडीवरून गावानं नाव ठेवलं, ती इथं शिकवायला पगारी माणसं नेमली होती. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं बायकोला, मनकर्णाबाईला, सांगितलं, "मी बरोबर जागी आलो वं."

तीस वर्षांत तो त्या कामात असा काही तरबेज झाला की सांगता सोय नाही. पोरांची पिन अर्धा मिलिमीटर जरी पुढं-मागं असली तरी तो एक हेलकावा घेऊन सांगायचा, "मागं घे. अजून थोडी. बस." त्याची शिकवण्याची रीतही त्याचीच होती.

"एस्टीत खिडकीजवळ बसता ना? लांबचं झाड तुमच्यासंगं पयते का नाई? आन् जवळचं उलटं मागं जाते. इथं बी तेच. जे तुमच्या डोक्यासंगं सरकून रायलं ते लांब हाये. जे उलटं गेलं ते जवळ. पिन उलटी जात असन तं तिले तुमच्यापासून लांब, आरशाकडं सरकवा. दोघं टोकाले टोक लावून, एकमेकाचा हात धरून संगं हलले, का समजा प्रतिमा तिथंच हाये."

पण शालिकरामचा खरा जीव होता सळयांवर. पिनेचा खांब बाकावर सरकतो आणि त्याच्या पायाशी खुणेची रेघ असते. वाचन घ्यायचं ते त्या रेघेवरून. आता पिनेचं टोक काही नेमकं रेघेच्या डोक्यावर नसतं, आरसाही त्याच्या खांबात थोडा पुढं-मागं बसलेला असतो. म्हणजे पट्टीवरचं अंतर एक आणि खरं अंतर दुसरं. हीच इंडेक्स एरर. ती काढायला ठाऊक लांबीची सळई घ्यायची, एक टोक आरशाच्या मध्याला हळूच टेकवायचं, दुसऱ्या टोकाला पिनेचं टोक आणून भिडवायचं, आणि पट्टीवरचं अंतर वाचायचं. सळई पंधराची आणि पट्टी म्हणते पंधरा पूर्णांक तीन, तर तीन मिलिमीटर जास्त. मग पुढच्या प्रत्येक वाचनातून ते तीन वजा करायचे. कॉलेजच्या मूळच्या सळया कधीच हरवल्या होत्या. शालिकरामनं मनकर्णाबाईच्या स्वेटरच्या पोलादी सुया कापून, टोकं घासून, बरोब्बर पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या सळया केल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या कमरेला दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधली होती. 'पंधरा पूर्णांक शून्य.'

"तुमच्या कालेजानं माह्या चार सुया खाल्ल्या," मनकर्णाबाई दर हिवाळ्यात ऐकवायची. "माह्या भावाचं स्वेटर एका बाहीचं रायलं ते रायलंच."

त्या वर्षी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दोन नंबरच्या बाकाची सळई कुण्या पोरानं पाडली होती आणि तिचं टोक वाकलं होतं. वाकडं टोक आरशाला लागलं म्हणजे ओरखडा. शालिकरामला ते कसं पाहवणार? त्यानं तेवढा तुकडा छाटला, कानस घेतली, नवं टोक घासून गुळगुळीत केलं, फुंकर मारली. आता मोजायची आणि नवी चिठ्ठी बांधायची, इतकंच उरलं होतं. तेवढ्यात आतून हाक आली, "शालिकरामभाऊ, बर्फाचं सांगून या फॅक्टरीत, उष्णतेच्या प्रयोगाला लागेल!" सळई त्यानं दोन नंबरच्या ट्रेमध्ये ठेवली, सायकल काढली, आणि मोजायचं जे डोक्यातून गेलं ते गेलंच.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले अमरावतीहून, राठी सर. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, आणि बोलणं मोजूनमापून. माणूस वाईट नव्हता, पण लबाडी दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. सकाळच्या तुकडीत दोन नंबरचा बाक चंद्रभानच्या वाट्याला आला, दुसऱ्या तुकडीत भगवंतच्या. दोघांचंही आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे या प्रयोगाचं उत्तर, आलं पंधरा पूर्णांक शून्य. राठी सरांनी शालिकरामनं करून ठेवलेल्या यादीत पाहिलं. आरसा क्रमांक दोन, पंधरा. दोघांनाही चांगले गुण पडले.

तिसऱ्या तुकडीत दोन नंबरच्या बाकाची चिठ्ठी उचलली जमुनानं. जमुना बार्शीटाकळीची. बाप भाजीपाला पिकवायचा, आई बाजारात टोपली घेऊन बसायची. पोरगी रोज एस्टीनं ये-जा करायची आणि खिडकीची जागा मिळाली तर एक डोळा मिटून झाडं बघायची. कंडक्टरला वाटायचं, हिच्या डोळ्यात कचरा गेला. तिला अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं होतं. घरून एकच अट होती, पहिल्याच झटक्यात प्रवेश मिळाला तर जा, नाहीतर लग्नाचं पाहू. तिथं एकेका गुणावर गाडी अडायची आणि प्रात्यक्षिकाचे तीस गुण म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. शालिकरामला हे सगळं ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्यानं तिला बाक उघडून दिला होता. आणि वर्षभर एकच पालुपद लावलं होतं, "पोरी, उत्तर सगळ्याइले ठाऊक असते. आपण उत्तर नाई लिवायचं. पिन जे सांगन ते लिवायचं."

दीड तासानं राठी सर तिच्या टेबलाशी आले. वही उचलली, चष्मा सावरला.

"साडेपंधरा?"

"हो सर."

"या आरशाचं पंधरा आहे. तुझ्या आधी दोघांनी याच बाकावर, याच आरशावर पंधरा काढलं. तू पॅरलॅक्स नीट काढलेला नाहीस."

"काढला सर," जमुना म्हणाली. "तिन्ही वाचनांत साडेपंधराच्या आसपास येऊन रायलं. मी दोनदा पाह्यलं."

"म्हणजे दोनदा चुकलीस." राठी सरांनी लाल पेन काढलं.

शालिकराम पुढच्या टेबलाशी उभा होता. पोरीचा हात त्याला माहीत होता. हिचा पॅरलॅक्स चुकायचा नाही. तो पुढं झाला.

"सर, लहान तोंडी मोठा घास. पिना अजून जागच्या जागी हायेत. एकडाव पाहू काय?"

राठी सरांनी भुवया उंचावल्या, पण मानेनं हो म्हटलं. शालिकराम हातभर मागं राहून वाकला. मान डावीकडं, मान उजवीकडं. उलटी प्रतिमा आणि ओळखीसाठी कागदाचा तुकडा लावलेली पिन, टोकाला टोक, संगंच डावीकडं गेल्या, संगंच उजवीकडं आल्या. त्यांच्यामध्ये केसाचंही अंतर पडेना.

"पिन खरी हाये सर. तुमीच पाहा."

राठी सरांनी पाहिलं. एक डोळा मिटून, चांगला वेळ घेऊन पाहिलं. सरळ झाले तेव्हा त्यांचा आवाज जरा उतरला होता. "मग साडेपंधरा कसं?"

जमुना हळूच म्हणाली, "सर, एक गोष्ट मले बी खटकली होती. वर्षभर या बाकाची इंडेक्स एरर तीन मिलिमीटर जास्त येत होती, दोन्ही पिनांची. आज सळई लावली तं पट्टीवर चौदा पूर्णांक तीन आलं. म्हणजे सात मिलिमीटर कमी. मी तेच लिवलं अन् सगळ्या वाचनात सात-सात मिळवले."

तीन जास्त आणि सात कमी. मिळून दहा. एक सेंटिमीटर.

शालिकरामच्या हाताला कानस आठवली. वाकडं टोक, छाटलेला तुकडा, फुंकर, बर्फ. मोजलंच नाही! अरे देवा, मोजलंच नाही.

आता इथं खरं सांगायचं तर गप्प राहणं फार सोपं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एक ओरखडा नव्हता. आणि बोर्डाच्या परीक्षेत परिचरानं चुकीचं साहित्य ठेवलं, हे काही कप फुटल्यासारखं नव्हे, त्याची लेखी नोंद होते. राठी सर पुढच्या टेबलाकडं गेले असते. सळई खिशात टाकली असती आणि रात्री विहिरीत. कुणाला कळलं असतं? पण शालिकरामनं पोरीच्या वहीकडं पाहिलं. तिला उत्तर ठाऊक होतं. पंधरा. चंद्रभानला होतं, भगवंतला होतं, तसंच तिलाही होतं. तरी तिनं साडेपंधरा लिहिलं होतं, त्याच्या पालुपदापायी. आपल्याच शब्दानं आणि आपल्याच हातानं पोरीला बुडवायला निघालो आपण! त्याला स्वतःचा असा काही राग आला की त्यानं ट्रेमधली सळई उचलली आणि राठी सरांपुढं धरली.

"सर, ही मोजा."

"चिठ्ठीवर पंधरा लिहिलंय."

"चिठ्ठी जुनी हाये. परवा टोक वाकलं म्हून म्याच छाटलं अन् घासलं. मोजाचं इसरलो. पोरीची चूक नाई सर. चूक माही हाये."

राठी सरांनी सळई स्टीलच्या पट्टीवर ठेवली. एक टोक शून्यावर, दुसरं चौदावर. त्यांनी जमुनाची वही जवळ ओढली आणि मागच्या पानावर पेन्सिलीनं आकडे मांडले. शेवटच्या वाचनाची पट्टीवरची अंतरं, एका पिनेचं पंचेचाळीस पूर्णांक तीन आणि दुसरीचं बावीस पूर्णांक आठ. सळई चौदाची धरली की चूक पुन्हा तीन मिलिमीटर जास्त. ते वजा केले की पंचेचाळीस आणि साडेबावीस. गुणाकार भागिले बेरीज. पंधरा पूर्णांक शून्य.

आकड्याखाली त्यांनी रेघ मारली. मग एकदम थांबले. टेबलावरच्या गठ्ठ्यातून चंद्रभान आणि भगवंतच्या वह्या काढून इंडेक्स एररचं पान उघडलं. दोघांचंही एकच. सळई पंधरा, पट्टीवर पंधरा पूर्णांक तीन.

"या सळईनं पंधरा पूर्णांक तीन येऊच शकत नाही," राठी सर म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. "दोघांनी सळई हातातसुद्धा धरली नाही. पाठ केलेलं लिहून मोकळे झाले. आणि मी त्यांना चांगले गुण देऊन हिच्यावर पेन उगारलं!"

बाजूच्या टेबलावरची पोरं प्रयोग सोडून इकडंच बघत होती. शालिकराम हात जोडून म्हणाला, "सर, पोट्टे वाईट नाईत. आळशी हायेत. सळईचे काय ते गुण कापा, बाकीचे राहू द्या."

"तुम्ही सगळ्यांची वकिली करणार का हो?" राठी सर ओरडले, पण ओरडण्यात दम नव्हता. त्यांनी जमुनाच्या वहीवर गुण लिहिले. किती, ते तिनं पाहिलं आणि ओढणीचं टोक तोंडावर धरलं. मग राठी सरांनी एक कोरा कागद शालिकरामपुढं सरकवला. "काय झालं ते लिहून द्या. अहवालाला जोडावं लागेल. माझा इलाज नाही."

"जोडा ना सर," शालिकराम म्हणाला, आणि वळणदार अक्षरात दहा ओळी लिहून खाली सही केली.

संध्याकाळी सगळं आवरून झालं. गोदामाच्या उंच खिडकीतून तिरपं ऊन दोन नंबरच्या बाकावर आलं होतं. शालिकराम सळईला नवी चिठ्ठी बांधत बसला होता, तेव्हा जमुना दाराशी आली. तिची साडेपाचची एस्टी होती.

"काका, तुमच्या नोकरीले काई होईन काय?"

"काय होते? एक कागद लागन सर्व्हिस बुकात. तीस वर्सं कोरंच होतं, आता लिवलेलं दिसन काईतरी." तो हसला. "तू आपली पास झाली, मले बस झालं. लय खरी निघाली वं तू."

जमुना आत आली. मग म्हणाली, "नाई काका. मी बदलणार होती. साडेपंधरा आलं अन् माह्या अंगाले घाम फुटला. खोडरबर हातात घेतलं होतं. सळईचे तेवढे पंधरा पूर्णांक तीन लिवले का सगळं जुयत होतं. सर तिकडं खिडकीशी होते. कोणी पाहत नोतं."

"मंग काहून नाई बदललं?"

"तुमी बाजूले उभे होते."

शालिकरामनं ते टेबल आठवलं, आपण कुठं उभे होतो ते आठवलं, आणि त्याचे हात दोऱ्याच्या गाठीवरच थांबले. "पण तू माह्या डाव्या अंगाले होती पोरी. त्या बाजूचं मले काईच दिसत नाई."

"मले ठाऊक हाये, काका," जमुना म्हणाली.

शालिकरामला गाठ मारता येईना. दोरा हातभर लांब आहे की वीतभर, हे समजेना. त्यानं मान डावीकडं नेली, उजवीकडं नेली, तरी काही उपयोग झाला नाही, कारण चांगला डोळा भरून आला होता. शेवटी जमुनानंच पुढं होऊन त्याच्या हातातली सळई घेतली, चिठ्ठीवर 'चौदा पूर्णांक शून्य' लिहिलं आहे ना ते पाहिलं, दोऱ्याला दोन गाठी मारल्या आणि एस्टी धरायला पळाली.